नाकाचा स्प्रे सोडला की नाक बंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे, बावीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे. सर्दीच्या स्प्रेबद्दल लोक काउंटरवर दबक्या आवाजात विचारतात आणि मग रात्री मेसेज करून तेच सविस्तर विचारतात, कारण रात्री नाक बंद झालेलं असतं. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आलेत की एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतेय. प्रश्नांना नंबर दिलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा उल्लेख आला तर तिकडे जाऊन वाचा.

१. सर्दी तर कधीच गेली, पण स्प्रे मारल्याशिवाय नाक उघडतच नाही. मला नेमकं झालंय काय?

बहुतेक वेळा झालेलं असतं ते हे, की सर्दी गेली आणि तिच्या जागी स्प्रेमुळे होणारी सूज राहिली. नाक उघडणारा स्प्रे काही दिवसांच्या वर मारत राहिलं की त्याचा असर उतरताना नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, म्हणून तुम्ही परत मारता, ते परत उघडतं, परत चोंदतं, आणि दर वेळी मधलं अंतर थोडं कमी होत जातं. सुरुवातीला रात्री एकदा मारला की सकाळपर्यंत पुरायचा, आता चार तासही पुरत नाही, हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. याला वैद्यकीय भाषेत रायनायटिस मेडिकामेंटोसा म्हणतात, म्हणजे औषधामुळे झालेला नाकाचा दाह. हे नाव १९४० च्या दशकापासून वापरात आहे, त्यामुळे हे फक्त आपल्यालाच झालंय असं वाटून घेऊ नका.

२. कुठल्या स्प्रेने असं होतं? घरात तीन वेगवेगळ्या बाटल्या आहेत आणि तिन्ही नाकाच्याच आहेत.

बाटलीच्या नावावर जाऊ नका, खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेला असतो तो वाचा. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन, नॅफॅझोलिन यातलं काही असेल तर हा तोच प्रकार. आपल्याकडे ओट्रिविन आणि नॅसिव्हिऑन या नावांनी लोक मागतात ते साधारण हेच असतात, पण त्याच नावाखाली नुसत्या मिठाच्या पाण्याचे स्प्रे पण मिळतात, म्हणून परत सांगते, घटक वाचा.

घटकात सोडियम क्लोराइड असेल तर ते मिठाचं पाणी, त्याने असं होत नाही. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड असेल तर तो स्टिरॉइडचा स्प्रे, त्यानेही असं होत नाही (आठवा प्रश्न बघा). अॅझेलास्टिन हे अॅलर्जीचं औषध, त्यानेही नाही. ओळखायची एक सोपी खूण पण आहे. मारल्यावर पाच-दहा मिनिटांत नाक खाडकन मोकळं झालं तर तो बहुतेक पहिल्या प्रकारचा. बाकीचे स्प्रे इतक्या लवकर काही करत नाहीत.

३. मग किती दिवस मारला तर चालतो?

तीन दिवस हा सुरक्षित हिशोब, पाचच्या पुढे जाऊ नका. काही लोकांना आठ-दहा दिवस वापरूनही काही होत नाही आणि काहींना चौथ्या दिवशीच चक्र सुरू होतं, आपण कुठल्यातले हे आधी कळायला मार्ग नाही, म्हणून सगळ्यांसाठी आखडता हात. दिवसातून दोनदा, फार तर तीनदा, प्रत्येक नाकपुडीत एक फवारा. आणि खरं सांगायचं तर साध्या सर्दीत पहिल्या दोन-तीन रात्रीच खऱ्या अडचणीच्या असतात, तेवढ्यापुरता रात्री झोपताना एकदा मारला तरी पुष्कळांचं भागतं.

४. पण नाक उघडणारं औषध नाक बंद कसं करेल? हे डोक्यात बसत नाही.

हे नीट समजून घ्या, कारण हे समजलं की सोडणं सोपं जातं.

नाकाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मऊ मांसल घड्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांच्यात रक्ताच्या पोकळ जागा असतात, स्पंजसारख्या. त्या रक्ताने भरल्या की घडी फुगते आणि वाट अरुंद होते, रिकाम्या झाल्या की वाट मोकळी. सर्दीत नाक बंद होतं ते निम्म्याहून जास्त या फुगण्यामुळे, शेंबडामुळे नाही, म्हणूनच शिंकरून शिंकरून नाक लाल झालं तरी उघडत नाही.

स्प्रे या रक्तवाहिन्या आवळतो. रक्त बाहेर ढकललं जातं, घडी आक्रसते, श्वास मोकळा. आता हेच आवळणं दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे चालू ठेवलं तर दोन गोष्टी होतात. एक, रक्तवाहिन्यांना औषधाची सवय होते, त्या आधीइतक्या आवळत नाहीत आणि स्वतःच्या बळावर आवळून राहायचं जे काम शरीर करत असतं तेही ढिलं पडतं. दुसरं, त्या आतल्या पडद्याला रक्तपुरवठा पुन्हा पुन्हा तोडल्यामुळे तिथे सूज धरते. औषध उतरलं की वाहिन्या सैल सुटतात, वर ही सूज, आणि नाक गच्च. शास्त्रज्ञांमध्ये यातलं कुठलं कारण किती यावर अजून चर्चा आहे, काही स्प्रेमध्ये टिकवण्यासाठी घातलेलं बेंझाल्कोनियम क्लोराइडही दाह वाढवतं असं काही अभ्यासांत दिसलंय, पण चक्र कसं फिरतं यावर वाद नाही.

५. माझी सर्दीच लांबलीये की हे स्प्रेमुळे आहे, कसं ओळखू?

बाटलीचा हिशोब करा, मी दुकानात हेच करते. दहा मिलीच्या बाटलीत पंपाप्रमाणे साधारण सत्तर ते शंभर फवारे निघतात. दिवसातून तीनदा दोन्ही नाकपुड्यांत एकेक धरलं तर रोजचे सहा, पाच दिवसांचे तीस. म्हणजे एक सर्दी बरी होऊनही बाटली अर्ध्याहून जास्त उरायला पाहिजे. तुमची बाटली आठवड्यात संपत असेल तर तुम्ही रोज दहा-बारा फवारे मारताय, आणि महिन्यात चार बाटल्या घेणाऱ्या माणसाला सर्दी नसते, हे बाकी काही न तपासता मी सांगू शकते. आज घरी गेल्यावर बाटलीवर पेनाने तारीख घाला, कधी उघडली ती, आणि संपेल तेव्हा बघा. आपण किती मारतो याचा आपला अंदाज आणि खरा आकडा यात फार फरक निघतो.

बाकीच्या खुणा अशा: नाक वाहत नाही, शिंका नाहीत, डोळ्यांना खाज नाही, फक्त चोंदलेलं आहे. दोन्ही बाजू चोंदतात. बाटली खिशात, गाडीत, उशाशी, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये अशी ठिकठिकाणी ठेवलेली आहे आणि ती सापडली नाही तर जीव घाबरा होतो. आतून नाक कोरडं, कधी थोडं रक्त. शिंका आणि खाज भरपूर असेल तर मात्र खाली अॅलर्जी आहे आणि वर स्प्रेचं चक्र, हे दोन्ही एकत्र फार वेळा असतं, मग दोन्हींवर काम करावं लागतं.

एक मात्र लक्षात ठेवा, दिवसभरात कधी डावी नाकपुडी जड तर कधी उजवी, हे निरोगी माणसातही होतं. नाक काही तासांनी आळीपाळीने बाजू बदलतं, त्याला आजार समजून स्प्रे मारू नका.

६. एकदम बंद करू की हळूहळू?

दोन्ही चालतं, तुम्ही कुठलं निभावून नेऊ शकता ते महत्त्वाचं.

एकदम बंद केलं तर पहिले दोन-तीन दिवस खूप त्रासाचे जातात, नाक पूर्ण गच्च, तोंडाने श्वास, डोकं जड, झोप मोडते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतार पडायला लागतो आणि बहुतेकांचं एक ते दोन आठवड्यांत नाक बऱ्यापैकी सुटतं, वर्षानुवर्षं वापरलेल्यांना थोडं जास्त लागू शकतं. ज्यांचा वापर जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा आहे त्यांनी सरळ असंच सोडावं.

महिनोन्महिने वापरणाऱ्याला मी एका नाकपुडीची पद्धत सांगते. एका बाजूचा स्प्रे पूर्ण थांबवायचा, दुसऱ्या बाजूचा तात्पुरता चालू ठेवायचा. थांबवलेली बाजू गच्च होते पण दुसरीतून श्वास चालू राहतो, माणूस घाबरत नाही. पहिली बाजू स्वतःहून मोकळी राहायला लागली की मग दुसरी थांबवायची, तोवर पहिलीचा आधार तयार झालेला असतो. दोन्ही पद्धतींत डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा नाकाचा स्प्रे जोडीला असेल तर त्रास बराच कमी होतो, फक्त तो सोडण्याच्या काही दिवस आधी सुरू करायचा, कारण त्याचा असर यायला वेळ लागतो. फारच हट्टी सूज असेल तर कानानाकघशाचे डॉक्टर कधीकधी थोड्या दिवसांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत, मधुमेह असेल तर अजिबातच नाही, साखर झटकन वर जाते.

७. एका नाकपुडीची पद्धत प्रत्यक्षात कशी जाते? दिवसवार सांगाल का?

माझ्याकडचं एक गिऱ्हाईक, पस्तिशीचा माणूस, रात्रपाळीची नोकरी. गणपतीत सर्दी झाली, स्प्रे घेतला, आणि पुढच्या वर्षीचे गणपती येऊन गेले तरी तो चालूच होता. दहा मिलीची बाटली सहा दिवसांत संपायची. त्याची परवानगी घेऊन सांगतेय.

मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी दुर्बीण घालून बघितलं, आत कोंब नाहीत, दोन नाकपुड्यांमधला पडदा जरासा वाकडा पण काही विशेष नाही, दोन्हीकडच्या घड्या लालभडक सुजलेल्या. मोमेटासोनचा स्प्रे दिला, प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे रोज एकदा. पहिले चार दिवस त्याने तो सुरू केला आणि जुना स्प्रेही चालू ठेवला, फक्त दिवसाला किती फवारे मारतो ते मोबाईलमध्ये लिहायला लागला. पहिल्या दिवशी आकडा निघाला चौदा. त्याला स्वतःला वाटत होतं सहा-सात.

पाचव्या दिवशी, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळपासून, उजवी बाजू थांबवली. डावीत दिवसातून दोनदा एकेक फवारा, बस. मी ही सुट्टी मुद्दाम निवडायला सांगितली होती, पहिली रात्र ड्युटीवर काढणं अवघड. सहाव्या आणि सातव्या दिवशी उजवी ठार बंद. त्याचा मेसेज होता, ताई ही बाजू कधीच उघडणार नाही बहुतेक. आठव्या दिवशी दुपारी चहा पिताना उजवीतून थोडी हवा गेली, वीसेक मिनिटं, मग परत बंद. ही पहिली वीस मिनिटं महत्त्वाची, तिथून पुढे उघडं राहण्याचा वेळ वाढत जातो. अकराव्या दिवशी उजवी दिवसभर चालू, रात्री जड. चौदाव्या दिवशी डावी थांबवली. डावीला उजवीइतका त्रास झालाच नाही, दोन रात्री जड गेल्या आणि विसाव्या दिवशी तो दोन्ही बाजूंनी श्वास घेत झोपला. मोमेटासोन डॉक्टरांनी पुढे दोन महिने चालू ठेवला, मग थांबवला.

मध्ये एकदा घसरला तो. बाराव्या दिवशी रात्री अडीचला उजवीत एक फवारा मारला आणि सकाळी मला मेसेज, सगळं वाया गेलं. एका फवाऱ्याने सगळं वाया जात नाही. त्या दिवशी उजवी थोडी जास्त जड राहिली, पुढच्या दिवशी मूळपदावर. लपवून परत रोज सुरू केला असता तर गेलं असतं.

८. स्टिरॉइडचा स्प्रे म्हणजे एक सवय सोडून दुसरी लावून घेणं नाही का?

नाही. हा स्प्रे रक्तवाहिन्या आवळत नाही, तो सूज आणणारी यंत्रणा शांत करतो, त्यामुळे तो थांबवल्यावर असं उलटं चोंदणं होत नाही. नाकात मारलेल्यातला फारच थोडा भाग रक्तात जातो, गोळ्यांच्या स्टिरॉइडशी त्याची तुलना करू नका. पण म्हणून डॉक्टरांना न विचारता घ्या असं मी म्हणत नाही, काचबिंदू, मोतीबिंदू, नाकाचं नुकतंच ऑपरेशन किंवा मूल लहान असेल तर सांगायलाच हवं.

लोक याला कंटाळतात ते दोन कारणांनी. पहिलं, दोन दिवस मारून काही झालं नाही म्हणून सोडतात. याचा पूर्ण असर यायला एक-दोन आठवडे लागू शकतात आणि तो रोज मारावा लागतो, गरजेपुरता नाही. दुसरं, मारायची पद्धत चुकते. मान मागे टाकून मधल्या पडद्यावर जोरात मारला आणि जोरात ओढला तर निम्मं औषध घशात उतरतं आणि पडद्यावर मारत राहिल्याने रक्त येतं. आधी हळूच शिंकरा, मान किंचित पुढे, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, टोक बाहेरच्या बाजूला म्हणजे त्याच बाजूच्या कानाकडे, फवारा आणि अगदी हलका श्वास. घशात कडवट चव आली तर समजा ओढलं जोरात.

९. दिवस निघून जातो हो, रात्रीचं काय करू? पडलं की बंद.

आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्त जास्त येतं आणि त्या घड्या फुगतात, म्हणून रात्रीच जास्त. डोकं आणि खांदे दोन्ही वर येतील अशा दोन-तीन उशा, नुसत्या मानेखाली एक जाड उशी घेतली तर मान दुखेल फक्त. कुशीवर झोपल्यावर खालची बाजू बंद होते आणि वरची उघडते, तेव्हा जी बाजू जास्त मोकळी आहे ती वर ठेवा. झोपायच्या आधी मिठाच्या पाण्याने धुवा. रात्री दारू घेत असाल तर या दोन आठवड्यांत नको, तिने नाक स्पष्ट चोंदतं. बाटली उशाशी ठेवू नका, दुसऱ्या खोलीत कपाटात ठेवा, अर्धवट झोपेत हात आपोआप जातो आणि सकाळी आठवतही नाही.

१०. मिठाच्या पाण्याने कसं धुवायचं? घरचं मीठ चालेल का?

मेडिकलमध्ये तयार पुड्या आणि बाटली मिळते, ते सगळ्यात सरळ. घरी करायचं तर एक कप म्हणजे २४० मिली पाणी, त्यात सपाट अर्धा छोटा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. पाणी अंगाबरोबर कोमट. जळजळ झाली तर मीठ कमी करा, आणि अगदी साध्या पाण्याने केलं तर जास्तच झोंबतं.

पाणी उकळून गार केलेलंच हवं, इथे तडजोड नाही. नळाचं, विहिरीचं, बोअरचं पाणी पिण्यात चालतं पण नाकात वरपर्यंत नाही, त्यात क्वचित एक अमीबा असतो जो नाकातून मेंदूपर्यंत जातो आणि बहुतेक वेळा जीव घेतो. जलनेती करणाऱ्यांनाही हेच. धुतल्यावर पुढे वाकून पाणी निथळू द्या, दोन्ही नाकपुड्या दाबून शिंकरू नका, कानात दडे बसतात.

११. वाफ, ओव्याची पुरचुंडी, इनहेलरची कांडी, नाकात तूप, यातलं काय चालेल?

यातल्या कशानेही हे चक्र लागत नाही. ओवा, कापूर, मेंथॉल यांनी नाकात गारवा जाणवतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं, सूज मात्र तेवढीच राहते, पण त्या वाटण्यानेही रात्र निघते तर जरूर घ्या. परदेशात राहणाऱ्यांनी इनहेलरच्या कांडीवरचा घटक वाचावा, अमेरिकेत मिळणाऱ्या काहींमध्ये रक्तवाहिनी आवळणारं औषध असतं. वाफेने थोडा आराम पडतो, पण पातेलं सांडून भाजलेली मुलं मी बघितलीयेत, मुलांना पातेल्यावर बसवू नका. तुपातेलाचा एखादा थेंब कोरडेपणाला बरा वाटतो, रोज आडवं होऊन भरपूर ओतत राहिलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं, म्हाताऱ्या माणसांना तर नकोच. कापूर लहान बाळांच्या जवळपासही नको.

१२. चार वर्षं झाली वापरतोय, नाक कायमचं गेलं का?

बहुतेकांचं भरून येतं, वर्षानुवर्षं वापरलेल्यांचंही. थोड्यांच्या बाबतीत त्या घड्या इतक्या जाड झालेल्या असतात की स्प्रे सोडूनही वाट अरुंदच राहते, तेव्हा डॉक्टर त्या लहान करण्याचा छोटा उपचार सुचवतात. फार दीर्घ वापरात मधल्या पडद्याला भोकही पडू शकतं, ते क्वचित. श्वास घेताना शिटीसारखा आवाज, खपल्या, वारंवार रक्त असेल तर दाखवून घ्या.

१३. मला नाकाचं हाड वाढलंय असं सांगितलंय, म्हणून तर स्प्रे लागतो. मग आधी ऑपरेशन करू?

हाड वाढलंय म्हणतात ते बहुतेक मधला पडदा वाकडा असणं, आणि तो वाकडा कित्येक लोकांचा असतो ज्यांना काहीच त्रास नसतो. खरी गंमत वेळेची आहे: पडदा वाकडा असेल तर बहुतेक वेळा एकच बाजू कायम जास्त बंद राहते आणि खूप आधीपासून राहते. तुमचं नाक स्प्रे सुरू करायच्या आधी बरं चालत होतं आणि नंतर दोन्हीकडून बंद व्हायला लागलं, तर पडद्याला दोष देण्याआधी स्प्रे सोडा, दोन महिने जाऊ द्या आणि मग परत तपासून घ्या. सूज असताना आत नेमकं किती अडलंय हे डॉक्टरांनाही नीट ठरवता येत नाही. आणि ऑपरेशन करून परत स्प्रे चालू राहिला तर नाक परत बंदच.

१४. बीपीची गोळी चालू आहे, हा स्प्रे चालतो का? त्यापेक्षा सर्दीची गोळी घेऊ?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हे औषध थोडं रक्तात जातंच, आणि दिवसाला बारा-पंधरा फवारे म्हटल्यावर थोडं राहत नाही, बीपी वाढणं, धडधड, झोप उडणं होऊ शकतं. हृदयविकार, थायरॉइड जास्त असणं, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, काही प्रकारच्या नैराश्याच्या गोळ्या, यातही तेच. बीपी गोळ्यांना दाद देत नसेल तर डॉक्टरांना स्प्रेबद्दल सांगा, स्प्रेला औषध समजून कोणी सांगतच नाही.

सर्दीच्या गोळीत बहुतेक वेळा फिनाइलेफ्रिन असतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या तज्ज्ञ समितीने तोंडाने घेतलेल्या फिनाइलेफ्रिनचा नाक उघडायला उपयोग होत नाही असा निष्कर्ष काढला. त्यामुळे ती पर्याय नाही.

१५. सातवा महिना चालू आहे, नाक सतत बंद, स्प्रे मारू का?

गरोदरपणात सर्दी नसतानाही नाक चोंदतं, आणि बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत आपोआप जातं. अडचण हीच, की हे चोंदणं आठवडेच्या आठवडे टिकतं, म्हणजे तीन दिवसांचा नियम पाळणं अशक्य होतं आणि चक्रात अडकायला ही सगळ्यात सोपी वेळ. मिठाचं पाणी, उंच उशी, आणि जास्तच असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून नाकाचा स्टिरॉइड. आधीच रोज मारत असाल तर लपवू नका, तपासणीला जाल तेव्हा सांगा.

१६. बाळाचं नाक बंद आहे, दूध ओढत नाही. मोठ्यांच्या बाटलीतला एक थेंब पाणी घालून देऊ का?

नाही. कधीच नाही. झायलोमेटाझोलिनची मोठ्यांची बाटली ०.१ टक्क्याची असते, लहान मुलांची ०.०५ ची, आणि तान्ह्या बाळाला तीही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय द्यायची नाही. बाळाला सलाईनचे थेंब, दूध पाजायच्या आधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन, आणि हलकेच पुसून किंवा ओढून घ्यायचं.

आणि बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका. हे औषध पोटात गेलं तर एक-दोन मिलीसुद्धा पाच वर्षांखालच्या मुलाला धोक्याचं आहे. मूल एकदम सुस्त होतं, नाडी मंद होते, श्वास मंदावतो. प्यायल्याची नुसती शंका असली तरी बाटली सोबत घेऊन थेट हॉस्पिटल, घरी वाट बघायची नाही आणि उलटी काढायची नाही.

१७. मोठ्यांनी लहान मुलांच्या ताकदीचा स्प्रे वापरला तर सवय लागणार नाही ना?

लागते. ताकद निम्मी असली तरी दिवस वाढले की चक्र तेच. मात्र सोडताना काही डॉक्टर पायरी म्हणून आधी कमी ताकदीवर आणतात, ते ठरावीक तारखेपर्यंतच. बाटलीत घरी पाणी घालून पातळ करू नका, जंतू वाढतात. बाटली घरात सगळ्यांनी मिळून वापरणं पण बंद करा.

१८. सुटलं एकदाचं. आता पुढच्या सर्दीत तीन दिवस मारला तर चालेल ना?

माझं मत, शक्यतो नको. ज्याला एकदा हे झालंय त्याला परत लवकर होतं, वर्षभर नाक अगदी चांगलं राहिल्यावरही. पुढच्या सर्दीला मिठाचं पाणी, आणि अॅलर्जी असेल तर डॉक्टरांनी ठरवलेला स्टिरॉइडचा स्प्रे वेळेत सुरू करणं. विमानात उतरताना कान खूप दुखतात म्हणून एखादाच फवारा, किंवा डॉक्टरांनी तपासणीसाठी मारलेला, याने काही बिघडत नाही. घरात बाटली ठेवू नका, असेल तर टाकून द्या, तशीही उघडल्यावर ती फार काळ ठेवायची नसते.

१९. कधी सरळ डॉक्टरांकडे जावं?

स्प्रे सोडून तीन-चार आठवडे झाले आणि नाक तसंच आहे, तर जा. एकच बाजू महिनोन्महिने बंद असेल, त्याच बाजूने रक्त किंवा घाण वास येत असेल तर वाट बघू नका, लहान मुलात एका बाजूने घाण वास म्हणजे बहुतेक मणी, शेंगदाणा, काहीतरी अडकलेलं. वास पूर्ण गेला, घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगतात, तरी दाखवा. आणि मधुमेह असलेल्याला नाकात काळी खपली, गालाला बधिरपणा, डोळ्याभोवती सूज किंवा दोन-दोन दिसणं यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकर आपल्या महाराष्ट्राने जवळून बघितलाय. डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या आणि रोज किती फवारे तो खरा आकडा सांगा.